भुशाच्या पाइपातला वारा : पिटो नळीच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मामाच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये रंधा मशिनीचा भुसा ओढणारा पाइप परत तुंबला. महिन्यातली ही तिसरी वेळ. सहा इंची, म्हणजे १५० मिमी व्यासाचा पत्र्याचा पाइप छताजवळून आडवा जातो आणि टोकाला तीन हॉर्सपॉवरचा सेंट्रिफ्यूगल पंखा आहे. पंख्यापुढे कापडी पिशव्या. आडव्या भागात कपच्या खाली बसतात, त्यांच्यावर भुसा साचतो आणि शेवटी मिस्त्रींना शिडी लावून पाइपावर ठोकत बसावं लागतं.

लाकडाच्या कपच्या तरंगत न्यायच्या तर पाइपात साधारण २० मी/से वेग लागतो. पंखा देणाऱ्याने २२ मिळेल असं सांगितलं होतं. मामा म्हणाला, "दिवाळीपर्यंत झकास ओढत होता की. आता काय झालंय कुणाला ठाऊक." मी विचारलं, वेग कधी मोजलाय का? तर म्हणे, "हात लावून बघतो की आम्ही."

भिंगरीचा वारामापक पाइपात मावत नाही, आणि मावला तरी पहिल्याच कपचीने त्याची पाती जातील. पाइपाला एक भोक पाडून आत सरकवता येईल असं साधन हवं. म्हणजे पिटो नळी. विकत महाग पडते, आणि खरं सांगायचं तर मला ती स्वतः करून बघायची होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज फक्त कागदावर.

वाऱ्याकडे तोंड करून एक नळी धरली आणि तिचं मागचं टोक बंद ठेवलं, तर आत शिरलेली हवा पुढे कुठे जाणार? नळीच्या तोंडाशी ती थांबते. थांबताना तिची गती दाबाच्या रूपात जमा होते. हा वाढीव दाब ½ρv², यात ρ म्हणजे हवेची घनता. पण नळीला मिळतो तो एकूण दाब : पाइपात आधीपासून असलेला दाब अधिक हा वाढीव दाब. म्हणून आधीपासूनचा दाब, म्हणजे स्थिर दाब, वेगळ्या भोकातून घ्यायचा आणि वजा करायचा. जो फरक उरेल त्यावरून

v = √(2Δp/ρ)

फरक मोजायला U आकाराची पाण्याची नळी पुरते. एका पायाला एकूण दाब, दुसऱ्याला स्थिर दाब, दोन्ही पायांतल्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडेल तोच Δp. १ मिमी पाणी म्हणजे ९.८१ पास्कल.

घनतेचं काय? फोनमधल्या बॅरोमीटरवर आमच्याकडे कोल्हापुरात ९४९ मिलिबार दिसतात आणि दुपारी वर्कशॉपमध्ये ३१ अंश असतं. त्यावरून हवेची घनता १.०९ किलो प्रति घनमीटर येते. समुद्रकाठची १.२ इथे धरली असती तर वेग पाच टक्के कमी दिसला असता. १.०९ घातल्यावर सूत्र फारच सोपं होतं : v = ४.२४ × √h, h मिमी पाण्यात. योगायोग असा की १८ मिमी फरक म्हणजे बरोबर १८ मी/से. हे एक लक्षात ठेवलं की बाकीचं तोंडी निघतं.

या वर्गमुळाची एक चांगली बाजू आहे आणि एक वाईट. २० मी/से ला २२ मिमी मिळतात, तिथे एक मिलिमीटर चुकला तरी वेगात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक. पण ३ मी/से ला अर्धाच मिलिमीटर मिळतो. तिथे ही नळी म्हणजे डोळे मिटून बाण मारणं. आपलं काम वरच्या टोकाला आहे, म्हणून ठीक.

९ फेब्रुवारी, रविवार

गावाकडे गेलो होतो. कालव्याला पाणी सुटलंय हे कळल्यावर एसीवाल्याकडून आणलेली पाव इंची तांब्याची नळी आणि गवंड्याची लेव्हल पाइप पिशवीत टाकली. वाऱ्याच्या आधी पाण्यात बघायचं होतं, कारण पाण्यात सगळं डोळ्यांना दिसतं. मूळ पिटो नळीही पाण्यासाठीच होती. आंरी पिटो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये पॅरिसच्या सेन नदीत दोन नळ्या बुडवल्या, एक सरळ आणि एक खालून काटकोनात वाकवलेली, आणि नदी खोल जाल तशी वेगाने वाहते हा तेव्हाचा समज खोटा ठरवला.

मीही तेच केलं. लाकडी पट्टीला दोन नळ्या बांधल्या. एक सरळ खाली, दुसरी टोकाला वाकवून प्रवाहाच्या तोंडावर. वर दोन्हीला पारदर्शक लेव्हल पाइपचे तुकडे. पट्टी वीस सेंटिमीटर बुडवली.

पहिली अडचण लगेच आली. पाण्याची पातळी नळ्यांत कालव्याच्या पातळीच्या आसपासच राहते, म्हणजे वाचायला काठावर पालथं पडावं लागतं, आणि लाटांमुळे दोन्ही रेषा नाचतात. यावरचा उपाय आंरी दार्सी या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात काढला होता, आणि तो तोंडानेच करता येतो. दोन्ही नळ्यांची वरची टोकं T जोडाने एकत्र केली, तिसऱ्या टोकातून थोडी हवा ओढून घेतली आणि चिमटा लावला. दोन्ही स्तंभ हातभर वर आले. वरची हवा दोघांना एकच असल्याने फरक होता तेवढाच राहिला. आता उभ्याने वाचता येतं.

फरक आला ४२ मिमी. पाण्यात घनता दोन्हीकडे पाण्याचीच, त्यामुळे ती छाटली जाते आणि v = √(2gh) एवढंच उरतं. उत्तर ०.९१ मी/से. मग नारळाची करवंटी सोडून घड्याळ लावलं : दहा मीटरला १२ सेकंद, म्हणजे पृष्ठभागावर ०.८३. वीस सेंटिमीटर खालचं पाणी वरच्यापेक्षा जास्त वेगाने पळतंय? पिटोने नेमकं उलटं दाखवलं होतं.

चूक कुठे आहे ते माझ्याच पायांनी दाखवलं. काठाशी गुडघाभर पाण्यात उभा होतो. पिंढरीच्या पुढच्या बाजूला पाणी चढलं होतं आणि मागच्या बाजूला खळगा पडला होता. सरळ नळीचंही तेच होत असणार. तिच्या उघड्या बुडाखालून प्रवाह वळून जातो आणि तिथे दाब खऱ्या स्थिर दाबापेक्षा कमी होतो. T काढला, दोन्ही नळ्या वरून उघड्या केल्या आणि पुन्हा पालथा पडून बघितलं : वाकडीतलं पाणी कालव्याच्या पातळीपेक्षा ३१ मिमी वर, सरळ नळीतलं ११ मिमी खाली. उघड्या कालव्यात पाण्याचा पृष्ठभाग हाच स्थिर दाब, त्यामुळे खरा आकडा ३१ मिमी, वेग ०.७८. करवंटीशी जुळतो.

म्हणजे प्रवाहाच्या तोंडावर धरलेली नळी जवळजवळ कशीही केली तरी खरं बोलते. खोटं बोलते ती दुसरी, जिने काहीच करायचं नसतं. वर्कशॉपची नळी करताना सगळी मेहनत तिच्यावर घ्यायची.

एक गोष्ट घरी येताना डोक्यात आली. पाऊण मीटरच्या संथ पाण्याने मला ३१ मिमी दिले. त्याच वेगाच्या हवेने किती दिले असते? एका मिलिमीटरचा तिसावा भाग.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नळी तयार. बाहेरची पितळी नळी ६ मिमी, आत ३ मिमीची. पुढचं नाक लेथवर अर्धगोल करून आतल्या नळीवर ब्रेझिंग केलं, म्हणजे मधलं तोंड एकूण दाबाचं आणि दोन नळ्यांच्या मधली पोकळी स्थिर दाबाची. एकातएक बसवण्याची ही रचना लुडविग प्रांटलच्या नावाने ओळखली जाते.

स्थिर दाबाची भोकं कुठे पाडायची यात थोडं गणित आहे. नाकाला वळसा घालताना हवा वेग घेते, तिथे दाब पडतो. मागे उभा दांडा आहे, त्याच्या पुढे हवा तुंबते, तिथे दाब चढतो. दोन्हींपासून लांब राहायचं. मी नाकापासून आठ व्यास, म्हणजे ४८ मिमी मागे भोकं घेतली आणि तिथून दांड्यापर्यंत पुन्हा तेवढंच अंतर ठेवलं. १ मिमीची सहा भोकं, गोलाकार समान अंतरावर, म्हणजे नळी जराशी तिरकी झाली तरी एका बाजूची चूक दुसरी बाजू भरून काढते.

ड्रिल झाल्यावर बोटाने चाचपलं तर प्रत्येक भोकाच्या कडेला बर आलेली. नखाला लागेल न लागेल एवढीच. पण भोकासमोर उभी राहिलेली ही चिमुकली भिंत हवेला अडवते किंवा उडवते, आणि स्थिर दाब बिघडतो. बाराशेच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासलं, मग आतून तार फिरवली. भिंग लावून प्रत्येक भोक बघितलं. या सहा भोकांवर जेवढा वेळ गेला तेवढा बाकीच्या अख्ख्या नळीवर गेला नाही.

मॅनोमीटर साधा : लेव्हल पाइप फळीवर U आकारात ठोकली, मागे ग्राफ पेपर, पाण्यात शाईचे चार थेंब आणि भांड्याच्या साबणाचा एक. साबण नसेल तर पाणी नळीच्या भिंतीला धरून बसतं आणि मिलिमीटरभर उशिरा हलतं.

गळती तपासली. टोकाला हलकंसं फुंकून रबर नळी चिमटीत दाबली. पातळी मिनिटभर जिथल्या तिथे थांबायला हवी. पहिल्यांदा उतरत गेली, एक जोड ढिला होता. दुसऱ्यांदा थांबली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं भोक चुकीच्या जागी पाडलं. शिडी जिथे सहज लागते तिथे, म्हणजे वळणाच्या लगेच पुढे.

त्याआधी गंमत झाली. मिस्त्री म्हणाले आधी एकच नळी लावून बघू, म्हणून फक्त एकूण दाब जोडला आणि U चा दुसरा पाय उघडा ठेवला. पंखा चालू केल्यावर पाणी उलटीकडे पळालं. नळीचं तोंड वाऱ्याकडे, वारा आत घुसतोय, तरी नळी फुंकण्याऐवजी ओढतेय! मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या डिग्रीवरचा विश्वास तिथेच संपला.

कारण सरळ आहे. ही बाजू पंख्याच्या ओढीची. पाइपातला स्थिर दाबच बाहेरच्या हवेपेक्षा ७४ मिमीने कमी आहे. वाऱ्याचा जोर त्यात १४ मिमीची भर घालतो, म्हणून एकूण दाब उणे ६०. बाहेरच्या हवेशी ताडून पाहिलं तर दोन्ही उणे. पण एकमेकांशी लावले तर उणे ६० वजा उणे ७४, उरले १४, आणि हा फरक ओढीचा पाइप असो वा ढकलीचा, नेहमी अधिकच येतो. हे ७४ आणि १४ पुढे सरळ भागात पाइपाच्या मध्यावर मिळालेले आकडे आहेत, इथे समजायला सोपं जावं म्हणून आधी घेतले.

वळणापाशी मात्र काही मेळच लागेना. नळी बाहेरच्या बाजूला सरकवली की २० मिमी, आतल्या बाजूला ४. वळणावर हवा बाहेर फेकली जाते, एस्टीतले प्रवासी घाटात जातात तशीच. यातून सरासरी काढायची तर तीही दोन तऱ्हांनी निघते. दाबांची सरासरी १२ मिमी, त्यावरून १४.७ मी/से. प्रत्येकाचा वेग वेगळा काढून सरासरी घेतली तर १३.७. दुसरी रीत बरोबर, कारण आपल्याला हवा किती वाहते ते हवंय आणि हवा वेगाच्या प्रमाणात वाहते, दाबाच्या नाही. दाबांची सरासरी नेहमी वेग फुगवून सांगते.

भोक टेपने बंद केलं. वळणापासून आठ व्यास, म्हणजे १.२ मीटर सरळ पाइप सोडून नवीन जागा खूण केली. शिडी तिथे नीट लागत नाही. मामाचा टेम्पो आत घेऊन त्याच्या हौद्यात उभं राहावं लागणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टेम्पोवर चढून मोजणी झाली. लाकूड चालवलं नाही, नुसता वारा.

पाइपाच्या भिंतीशी हवा घासते म्हणून कडेला हळू आणि मध्ये जोरात असते. एका ठिकाणचा आकडा घेऊन भागत नाही. गोल पाइपाचे समान क्षेत्रफळाचे कडे कल्पायचे आणि प्रत्येकातून एक वाचन घ्यायचं. एका व्यासावर सहा जागा घेतल्या तर त्या भिंतीपासून ६.६, २१.९, ४४.४, १०५.६, १२८.१ आणि १४३.४ मिमीवर येतात. कडे कडेला दाटीने, मध्ये विरळ, कारण पाइपाचं बरंचसं क्षेत्रफळ कडेलाच असतं. दांड्यावर मार्करने सहा रेघा मारल्या. दोन भोकं, एक आडव्या व्यासाला, एक उभ्याला.

प्रत्येक जागी नळी थोडी डावी-उजवी फिरवून तोंड प्रवाहाशी समांतर आणलं. पाच-दहा अंशांचा तिरकेपणा आकड्यात फारसा दिसतही नाही, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने चालतं.

आडवा व्यास, मिमी पाणी : ८.५, ११, १३, १३, ११.५, ९.
उभा व्यास, खालून वर : ७.५, १०.५, १३, १३.५, १२, ९.

बारा वर्गमुळं, त्यांची सरासरी ३.३०, गुणिले ४.२४, म्हणजे १४.० मी/से. मध्यावर १४ मिमी, म्हणजे १५.९ मी/से. सरासरी आणि मध्य यांचं गुणोत्तर ०.८८. यापुढे एकट्या मध्यावरचं वाचन घेऊन ०.८८ ने गुणलं की काम होईल, दर वेळी बारा जागा मोजायला नकोत.

तर मामाच्या पाइपात २२ नाही, २० नाही, १४ आहेत. कपच्या खाली बसणारच.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी बसून विचार. १४ का?

नळी दोन आकडे देते आणि आपण एकच वापरतोय. स्थिर दाबही बोलतो. मशिनीकडे, म्हणजे माझ्या भोकाच्या अलीकडे कुठे पाइप तुंबला असता तर पंख्याने जोर लावून ओढलं असतं : वेग कमी आणि स्थिर दाब मात्र भरपूर उणा. इथे वेगही कमी आणि ओढही फक्त ७४ मिमी. तीन हॉर्सपॉवरच्या अशा पंख्याकडून याच्या दुपटीची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. म्हणजे अडथळा भोकाच्या पुढे आहे, पिशव्यांत, नाहीतर पंख्यातच जीव नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रींनी पिशव्या काढून झटकल्या. अंगणात धुकं पडल्यासारखं झालं. परत बसवून मध्यावर वाचन : १५ मिमी. सरासरी १४.५ मी/से. फार काही हाती लागलं नाही.

मग म्हटलं, लाकूड चालू असताना बघू. मशीन चालवली, सागाची फळी घातली, नळी आत. पहिली दोन मिनिटं ठीक, मग आकडा भरकटायला लागला, १५, १७, १२. पंखा बंद केला. वारा थांबला, आणि U मधलं पाणी ३१ मिमीच्या फरकावर जाऊन बसलं. सूत्राप्रमाणे बंद पाइपात २३.६ मी/से चा वारा!

नळी बाहेर काढून बघितली तर सहाच्या सहा भोकांत बारीक भुसा ठासून बसलेला. पुढच्या तोंडाला काही झालं नव्हतं. स्थिर दाबाच्या पोकळीत पंखा चालू असतानाची ओढ अडकून पडली होती, आणि एकूण दाब मात्र पंखा थांबल्याबरोबर बाहेरच्या हवेएवढा झाला. अख्खे ७४ मिमी का दिसले नाहीत? कारण पाणी त्या बाजूला चढताना अडकलेली हवा दाबली गेली आणि ओढ थोडी विरली.

ओळखायची खूण त्यामुळे मिळाली : दर वाचनानंतर पंखा बंद करून पाणी शून्यावर येतं का बघायचं. आलं नाही तर आधीचं वाचन खोडायचं.

विमानांत हीच चूक माणसं मारते. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या विमानाची स्थिर दाबाची भोकं धुताना टेपने झाकली होती आणि टेप काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात, समुद्रावर, वैमानिकांना ना खरी उंची कळत होती ना खरा वेग. ७० माणसं गेली. माझ्या वळणापाशी भोकावर लावलेली टेप आठवली. ती पाइपाची होती, नळीची नव्हती, तरीही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भुशात चालणारी नळी वेगळी असते. कारखान्यांच्या धुराड्यात राखेच्या धुरात वेग मोजतात तेव्हा बारीक भोकांची नळी वापरत नाहीत, S नळी वापरतात. दोन जाड नळ्या पाठीला पाठ लावून, एकीचं तोंड प्रवाहाकडे, दुसरीचं नेमकं विरुद्ध दिशेला. तोंडं मोठी, भुसा बसत नाही, बसला तर फुंकून जातो.

पण मागे तोंड केलेली नळी स्थिर दाब देत नाही. ती पिंढरीमागच्या खळग्यातला दाब देते. कालव्यात ज्या ओढीने मला ०.९१ चा चुकीचा वेग दाखवला, तीच इथे कामाला लावली आहे. फरक खऱ्यापेक्षा मोठा येतो, आणि किती मोठा ते एकदा चांगल्या नळीशी ताडून ठरवायचं. मग तेवढ्या गुणकाने वेग कमी करायचा. या नळ्यांना साधारण ०.८४ हा गुणक येतो.

एसीच्या तांब्याच्या नळीचे दोन तुकडे वाकवले, तोंडं समांतर घासली, रिव्हेट आणि तारेने बांधले. अर्ध्या तासाचं काम, पितळीच्या मानाने अगदी गावठी. नुसत्या वाऱ्यात मध्यावर : पितळी १५ मिमी, S २१ मिमी. गुणक √(१५/२१) = ०.८४५. एवढ्या ओबडधोबड वस्तूने पुस्तकी आकड्याशी इतकं जुळवून घ्यावं याचं नवल वाटलं. उलटी फिरवूनही बघितली, म्हणजे पुढची मागे : २०.५. दोन बाजू अगदी सारख्या नाहीत, म्हणून एका नळीवर लाल रंग लावला. लाल नेहमी वाऱ्याकडे.

फळी चालवत पाच मिनिटं ठेवली. २१ ला स्थिर, पंखा बंद केला की शून्य. उत्तम.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पंख्याकडे वळलो. पाती झिजलीत का बघायला झाकण काढायचं ठरलं. मामा चहा घेत बसला होता, सहज म्हणाला, "पंख्याला काय झालं असणार रं, मोटर तर दिवाळीत नवी वाइंडिंग करून आणली."

मी टेम्पोवरून उतरलो. दिवाळीपर्यंत झकास ओढत होता, आणि दिवाळीत मोटर काढून परत जोडली.

पंख्याच्या घरावर धुळीखाली बाणाची खूण होती. फडक्याने पुसली. मोटर एक सेकंद चालवून बंद केली आणि थांबता थांबता कूलिंगचं पातं कुठे फिरतं ते बघितलं. बाणाच्या उलट.

थ्री फेज मोटरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते. टेबल फॅन उलटा फिरला तर वारा उलटीकडे जातो, लगेच कळतं. सेंट्रिफ्यूगल पंख्याचं तसं नाही. चाक उलटं फिरलं तरी हवा मधून आत येते आणि कडेने बाहेर फेकली जाते, दिशा तीच, फक्त जोर पडतो. पाइपाला हात लावला तर ओढ लागते. म्हणून चार महिने कुणाला शंका आली नाही. हाताला १४ आणि २० यांतला फरक कळत नाही.

मिस्त्रींनी मेन बंद करून स्टार्टरच्या खालच्या दोन तारा बदलल्या. पंख्याचा आवाजच वेगळा आला, जरा भारदस्त. S नळी मध्यावर : ४२ मिमी. ०.८४५ × ४.२४ × √४२ = २३.२ मी/से, गुणिले ०.८८, सरासरी २०.४. खात्रीसाठी पितळी नळीने, लाकूड बंद करून : ३० मिमी. तोच वेग. स्थिर दाब आता उणे १५७.

पंखेवाल्याचे २२ तरी नाहीतच, हे मामाने दोनदा म्हटलं.

१ मार्च, शनिवार

आठवडाभर पाइप तुंबलेला नाही. दोन भोकांना रबरी बुच बसवली. मॅनोमीटरची फळी खांबाला कायमची ठोकली आणि ग्राफ पेपरवर ४० मिमीपाशी लाल रेघ मारली. S नळीचा आकडा तिच्याखाली आला की मिस्त्री पिशव्या झटकतील. U मधलं पाणी उडत राहतं, तेवढं दर सोमवारी भरायचं. पितळी नळी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, भोकांत तार फिरवून.

बाणावर पांढरा रंग मिस्त्रींनी स्वतःहून दिला.